घंगाळ निघाले विलायतेला

माझ्या भाचीच्या घरी मध्यंतरी एक खोके परत आले. इंग्लंडला जाऊन, तिथल्या एका घराच्या उंबऱ्यावरून मागे फिरून, दीड महिन्याने पुण्यात. खोक्याचा एक कोपरा चेपला होता आणि आतल्या मोठ्या घंगाळाच्या काठाला बोटभर पोचा पडला होता. भाचीने ते घंगाळ उचलून खिडकीपाशी नेले, उजेडात फिरवून पाहिले आणि म्हणाली, ‘‘मामा, हा माल मी फुकट वाटला असता तरी याहून स्वस्तात सुटले असते.’’

मला वाटले, ही रागाने बोलते आहे. मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात अठ्ठावीस वर्षे काढली आहेत. त्यामुळे असल्या वाक्यांवर विश्वास ठेवण्याआधी कागद मागायची सवय आहे. कागद मागितले. तास-दीड तास बेरजा-वजाबाक्या केल्या. भाची अगदी खरे बोलत होती.

तिचे दुकान तांब्याच्या भांड्यांचे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, हे वाचकांना सांगायला नको. पेशवाईपासून तिथे तांबटांची वस्ती आहे आणि हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याच्या अंगावर एकसारखे ठसे उठवण्याचे जे काम, त्याला मठारकाम म्हणतात. ते मठार नुसते दिसायला सुंदर असते असे नाही; ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडे ताठ राहते. भाची तिथल्या दोन कारागिरांकडून घंगाळे, वाडगी, तांब्या-भांडी, दिव्यांच्या घुमट्या करून घेते आणि इंटरनेटवरच्या आपल्या दुकानातून विकते. देशात तिचे ठीक चालले होते. परदेशातून विचारणा येऊ लागल्या तेव्हा तिने निर्यातीचा परवाना क्रमांक काढला, जीएसटी न भरता निर्यात करता यावी म्हणून दरसालचे हमीपत्र दिले, आणि दुकान बांधून देणाऱ्या मुलाला सांगितले, ‘‘किमती पौंडात, डॉलरमध्ये, येनमध्येही दिसू देत.’’ त्याने दोन दिवसांत ते करून दिले. पानाच्या वर कोपऱ्यात चलनांची यादी आली. कोणतेही चलन निवडा, रुपयांच्या किमतीला त्या क्षणीच्या दराने भागून आकडा समोर हजर. सगळ्यांना फार कौतुक वाटले. मलाही वाटले. मी तेव्हाच तोंड उघडायला हवे होते.

आता त्या खोक्याचा हिशोब. आकडे डोक्यात राहावेत म्हणून पौंड शंभर रुपयांना धरतो आणि बाकीच्या रकमाही गोळाबेरीज करून देतो.

एकात एक बसणाऱ्या तीन घंगाळांचा संच. रुपयांत १६,०००, म्हणून पडद्यावर १६० पौंड. वजन सहा किलोच्या आत, म्हणून पाठवणीचे ४० पौंड. बाईंनी कार्डाने २०० पौंड भरले. त्या मराठीच होत्या. लेकीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला द्यायचे म्हणून त्यांनी हौसेने मागवले होते.

पहिला चटका बसला तो हुंडणावळीचा. आमच्या पिढीच्या बँकेतल्या माणसांना हा शब्द प्रिय आहे. वर्तमानपत्रात छापून येणारा दर हा मोठ्या बँकांचा आपसातला दर असतो, तो किरकोळ माणसाच्या हाती कधीच पडत नाही. पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीने आधी तीन टक्के कापले, त्या तीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी लावला, आणि पौंडाचे रुपये करताना दरात आणखी दोन टक्के मागे ठेवले. वीस हजारांच्या जागी खात्यात आले सुमारे १८,९००. म्हणजे पडद्यावरच्या शंभर रुपयांच्या पौंडाचे भाचीच्या हाती साडेचौऱ्याण्णव रुपयेच पडले. देशात विकलेल्या घंगाळाला असा खड्डा पडत नाही, आणि किंमत मात्र तीच ठेवलेली.

दुसरा चटका कुरिअरच्या बिलाचा. भाचीने भांडी काट्यावर ठेवून वजन केले, सहा किलो धरले, आणि त्याप्रमाणे चार हजार रुपये गिऱ्हाइकाकडून घेतले. बिल आले साडेबारा किलोचे, ७,३०० रुपयांचे. तिला वाटले काहीतरी चूक आहे, म्हणून तिने फोन केला. चूक नव्हती. विमानात जागा विकत घ्यायची असते, नुसते वजन नव्हे. म्हणून कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि बहुतेकजण त्याला पाच हजारांनी भागतात. जो आकडा येईल तो आकारमानाचा किलो. खरे वजन आणि हे आकारमानाचे वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. भाचीने तिन्ही घंगाळे वेगवेगळी फुग्यांच्या कागदात गुंडाळून एका ऐसपैस खोक्यात ठेवली होती. खोके ४५ बाय ४५ बाय ३० चे. गुणाकार ६०,७५०, भागिले पाच हजार, सव्वाबाराच्या जरा खाली, आणि ते पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन साडेबारा. घंगाळ म्हणजे मुळात हवेला घातलेले तांब्याचे कुंपण. त्या हवेचे विमानभाडे आम्ही भरले.

तिसरा चटका मात्र नुसता पैशांचा नव्हता.

ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या पार्सलात मालाची किंमत १३५ पौंडांच्या वर असेल, तर तिथल्या कस्टम्सपाशी जकात आणि आयातीवरचा व्हॅट भरावा लागतो. व्हॅट वीस टक्के, आणि तो नुसत्या मालावर नाही. माल, भाडे आणि जकात या सगळ्यांच्या बेरजेवर. जकात शून्य धरली तरी २०० पौंडांवर ४० पौंड व्हॅट झाला. तो कुरिअर कंपनीने आधी भरला, त्या भरण्याच्या मेहनतीचे १२ पौंड लावले, आणि बाईंच्या दारात ५२ पौंडांची पावती धरली. बाईंना हे कोणी सांगितले नव्हते. दुकानाच्या पानावर ‘जकात गिऱ्हाइकाकडे’ असे दोन शब्द होते, पण ते तळाला, बारीक अक्षरात. त्यांनी पार्सल नाकारले. भाचीला पत्र पाठवले, त्यात एक वाक्य होते, ते तिला फार लागले: ‘‘आपल्या माणसांकडून घेतले, म्हणून मी जास्त काही विचारले नाही.’’

त्यांचे २०० पौंड परत करणे भाग होते. तोवर पौंड एक रुपयाने वर गेला होता. रुपयांचे पौंड करतानाही दोन टक्के गेले. आणि आधी कापलेली फी परत येत नाही. २०० पौंड परत करायला २०,६०० रुपये लागले, म्हणजे आलेल्यापेक्षा १,७०० जास्त. जातानाचे भाडे ७,३००, येतानाचे ७,८००. बेरीज १६,८०० रुपये. मालाची किंमत १६,०००. त्यातून मुंबईच्या कस्टम्सने विचारले की हा आपलाच गेलेला माल परत आला आहे, याला पुरावा काय? पाठवतानाच्या निर्यात-बिलाचा क्रमांक भाचीने जपून ठेवला होता म्हणून सुटलो. नाहीतर आपल्याच तांबट आळीतल्या घंगाळावर आयात जकात भरायची पाळी होती.

पोचा काढायला घंगाळ आळीत नेले. आमच्या कारागिरांना सगळे तांबटकाका म्हणतात. त्यांनी ते लोखंडी खुंट्यावर पालथे घालून दहा मिनिटांत काठ सरळ केला आणि वरून चार ओळी मठार मारून दिला. पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘ताई, पुढची सहा घंगाळं घेऊन ठेवलीयेत मी पत्र्यातून. ती करू का थांबू?’’ पत्रा त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणला होता. भाची काही बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘‘मामा, आता तुम्ही बसा माझ्याबरोबर.’’

आम्ही तीन रविवार बसलो.

पहिल्या रविवारी चलनांची ती जादूची यादी बंद केली. दर क्षणाला बदलणारी किंमत गिऱ्हाइकालाही आवडत नाही. सकाळी १६० पौंड पाहिले आणि नवऱ्याला विचारून रात्री यावे तर १६१ पौंड ४३ पेन्स. त्याऐवजी पौंड, युरो, डॉलर यांची वेगळी, ठरलेली किंमतयादी केली. रीत अशी. रुपयांत आपल्याला हातात काय पडायला हवे ते आधी ठरवायचे. मग शंभरच्या पौंडाला ९२ धरायचे: साडेपाच रुपये फी आणि हुंडणावळीचे, अडीच रुपये दराच्या चढउताराचे. १६,००० ला ९२ ने भागले तर १७३ पौंड ९१ पेन्स येतात. ते वर ओढून १७५. दर महिन्याच्या एक तारखेला दर बघायचा. आपण धरलेल्या दरापासून तो तीन टक्क्यांच्या आत असेल तर यादीला हात लावायचा नाही. भाची म्हणाली, ‘‘पण मग रुपयांतला भाव आणि पौंडातला भाव जुळत नाही.’’ जुळायचे कारणच नाही. तो वेगळ्या खर्चाचा वेगळा भाव आहे, मुंबईची हापूसची पेटी आणि देवगडची पेटी यांच्यासारखा.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट तपासली. पडद्यावर पौंड दिसतात, पण कार्डावर खरोखर पौंडच लागतात का? पुष्कळ दुकानांत दिसते पौंडात आणि वसूल होते रुपयांत. मग गिऱ्हाइकाची बँक आपल्या दराने रुपयांचे पौंड करते, वर परदेशी व्यवहाराची फी लावते, आणि १७५ ऐवजी १८० गेलेले दिसले की गिऱ्हाईक आपल्याला लबाड म्हणते. हे ओळखायचा उपाय एकच: परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला एक स्वस्तातली वस्तू घ्यायला लावायची आणि त्याच्या कार्डाच्या महिन्याच्या उताऱ्यावरचा आकडा विचारायचा. आमच्या पुतण्याने लंडनहून एक पंचपात्र घेतले. आकडा जुळला. मात्र जपानचा आणि कुवेतचा जुळला नाही, आणि त्यातून जे बाहेर आले ते मला माझ्या सगळ्या नोकरीत सुचले नसते.

झाले असे की, पैसे घेणाऱ्या कंपनीला दुकानाकडून रक्कम पौंडात न जाता पेन्समध्ये जाते, रुपयांत न जाता पैशांत. म्हणजे १७५ पौंड हे १७,५०० म्हणून जातात. दुकान बांधणाऱ्या मुलाने म्हणून सरसकट शंभराने गुणायची सोय करून ठेवली. पण येनला पैसे नाहीत! जपानी येन हेच सगळ्यात धाकटे नाणे. ३५,००० येनांचे झाले ३५ लाख, आणि तिथल्या गिऱ्हाइकाचे कार्ड अर्थातच नाकारले गेले. आम्हाला वाटत होते की जपान्यांना तांबे आवडत नाही. कुवेतचे उलटे. तिथे एका दिनाराचे हजार फिल्स. बहारिन आणि ओमानच्या चलनाचेही हजारच भाग. २० दिनार म्हणजे २०,००० फिल्स जायला हवे होते, गेले २,०००. तिथल्या एका गृहस्थांनी २० दिनारांचा तांब्या दोन दिनारांना नेला होता. कार्ड नाकारले गेले की आरडाओरडा होतो. स्वस्तात गेले की सगळे शांत असते. तीन महिने ते कोणाच्या लक्षात आले नाही. भाचीने त्यांना पत्र लिहून चूक आपली असल्याचे कळवले, पैसे मागितले नाहीत. त्यांनी पुढच्या महिन्यात दोन तांबे पूर्ण किमतीला मागवले. असेही लोक असतात.

दुसरा रविवार खोक्यांचा. घंगाळांचा संच मुळात एकात एक बसणारा आहे, मग तो सुटा सुटा पाठवायचा का? मोठ्या घंगाळाचा व्यास २८ सेंटिमीटर, उंची १५. आत दुसरे, त्याच्या आत तिसरे, मध्ये मऊ कागदाचे वेटोळे आणि पन्हळी पुठ्ठ्याची कडी, म्हणजे तांब्याला तांबे घासत नाही. चारी बाजूंनी, वर आणि खाली पाच-पाच सेंटिमीटर भरण. बाहेरचे खोके झाले ३८ बाय ३८ बाय २५. गुणाकार ३६,१००, पाच हजारांनी भागून सव्वासात, बिल साडेसात किलोचे, ४,७०० रुपये. खोके लहान केले म्हणजे फूट वाढेल, ही भाचीची भीती खरी ठरली नाही. ऐसपैस खोक्यात भांडी हलत होती, म्हणूनच पोचा पडला होता. पाच सेंटिमीटर मात्र कमी करू नयेत. एकदा चार करून पाहिले आणि दिव्याची घुमटी वाकडी होऊन पोहोचली. आता प्रत्येक वस्तूच्या पुढे दुकानात तिच्या भरलेल्या खोक्याची मापे लिहिलेली आहेत. भांड्याची नव्हे, खोक्याची. पाठवणीचा आकडा त्यावरून निघतो.

एक बारीकसारीक गोष्ट जाता जाता. तांब्याला उघड्या हाताने धरून भरले तर महिन्याने बोटांचे ठसे काळे उमटतात. सुती हातमोजे घालावेत आणि ओल शोषणारी पुडी टाकावी. आणि लाकडी पेटी वापरायचीच असेल तर कच्च्या लाकडाची पेटी किडीसाठी तापवून शिक्का मारलेली असावी लागते. प्लायवूडला ती अट नाही. आम्ही पुठ्ठ्यावरच भागवतो.

तिसरा रविवार दारातल्या पावतीचा, आणि त्या दिवशी आमचे भांडण झाले. माझे म्हणणे, जकात आणि व्हॅट आपणच आधी भरून घरपोच द्यायचे. कुरिअर कंपन्या तसे करतात. तिथे कर भरतात आणि बिल आपल्याला पाठवतात. भाचीने गणित मांडले. १७५ पौंड माल, ४८ भाडे, झाले २२३. त्यावर वीस टक्के ४४ पौंड ६० पेन्स, कुरिअरचे १२. म्हणजे २८०. ‘‘मामा, आधी २०० दिसत होते. २८० बघून कोण थांबेल?’’ मी म्हटले, आधीही बाईंना २५२ पडत होतेच, फक्त त्यातले ५२ त्यांना दारात उभे राहून कळले. तरी तिचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी असे ठरले की पानावर पहिल्यापासून २८० हाच आकडा मोठ्या अक्षरात, त्याच्या खाली ‘दारात काहीही द्यायचे नाही’, आणि ज्याला हवे त्याला फोड उघडून पाहता यावी. ब्रिटनच्या मागण्या कमी झाल्या. पहिल्या सहामाहीत जवळजवळ एक तृतीयांश घटल्या. पण एकही खोके परत आले नाही. आणि एका परतीच्या खोक्याने किती विक्री खाल्ली होती, ते वर लिहिलेच आहे.

१३५ पौंडांच्या आतल्या मालाला नियम आणखी वेगळा. १ जानेवारी २०२१ पासून तिथे विकणाऱ्यानेच विक्रीच्या वेळी व्हॅट घ्यायचा आणि तिथल्या कर खात्यात नोंदणी करून भरायचा. एकट्या पंचपात्रासाठी हे कोण करणार? भाचीने ब्रिटनला सुटी लहान भांडी विकणे बंद केले. ती तिथल्या एका दुकानदाराला घाऊक जातात आणि तो त्याचे कर बघतो. युरोपातही जुलै २०२१ पासून अगदी लहान पार्सलालाही व्हॅट आहे. तिथे आम्ही अजून चाचपडतो आहोत.

सगळ्या कागदांवर एक गोष्ट मात्र आता कधी बदलत नाही: मालाचे वर्णन. पूर्वी ‘हस्तकलेची वस्तू’ असे लिहायचो. त्याने काही कळत नाही, आणि तिकडचा अधिकारी आपल्या मनाने वर्ग ठरवतो. आता ‘तांब्याचे घरगुती भांडे, हाताने घडवलेले’ आणि त्यापुढे ७४१८ ने सुरू होणारा वर्गांक. किंमतही खरीच. गिऱ्हाईक कधीकधी सुचवते, ‘भेट म्हणून लिहा, कमी लिहा.’ भाची नाही म्हणते. कमी लिहिले आणि खोके हरवले तर विम्याचे पैसेही तेवढेच कमी मिळतात, आणि आलेले पौंड व कागदावरचे पौंड जुळले नाहीत तर बँक विचारते. कशी विचारते ते मला माहीत आहे. मीच विचारत असे.

राहिली अमेरिका. तिथे आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलाला जकात माफ होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती माफी गेली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानेही तिकडची पार्सले घेणे थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली ती जकात इथेच आधी भरून घेण्याच्या अटीवर. त्यानंतर जकातीचे दर इतक्या वेळा हलले की ब्रिटनसारखा एकच ठरलेला आकडा तिथे छापता येत नाही. म्हणून डॉलरच्या यादीत माल आणि भाडे ठरलेले ठेवले आहे, आणि जकात ही वेगळी ओळ, मागणी नोंदवण्याच्या दिवशी भाची कुरिअरला विचारून स्वतः हाताने भरते. गिऱ्हाईक हो म्हणाले तरच पैसे घेते. मागणी आणि पैसे यांच्यात एक दिवस जातो. न्यू जर्सीच्या एका काकूंनी परवा विचारले, ‘‘एवढ्या चौकशा कशाला? पाठवून दे ना.’’ भाचीने त्यांना सगळा हिशोब लिहून कळवला आहे. काकूंचे उत्तर अजून यायचे आहे, आणि त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेले घंगाळ भरणाच्या टेबलावर कागदात गुंडाळून वाट बघते आहे.